डाएट कधी आजार होतो: घरच्यांनी काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं

केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञ. पाळी आली नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण. चक्कर येते म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या. अशी सहा-सात महिने फिराफिर झाल्यावर कुणीतरी विचारतं, "अहो, पण ही जेवते किती?" तोवर खाण्याचा आजार चांगलाच मुरलेला असतो.

घरच्यांचं लक्ष नसतं असं नाही. त्यांना सगळं दिसत असतं, पण सुटं सुटं दिसतं, आणि प्रत्येक गोष्टीला हाताशी एक सोपं कारण असतं: अभ्यासाचा ताण, हवा बदलली, उपवास आहे, वय तसं आहे. शंका आलीच तर पुढचा क्रम उलटा होतो. आधी भांडण, मग जबरदस्ती, मग नातेवाइकांकरवी समजावणं आणि अगदी शेवटी डॉक्टर. हा क्रम सुलटा कसा करायचा ते खाली पायरीपायरीने दिलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: अकरावी सायन्सला असलेली मुलगी. मे महिन्यात तिने वजन कमी करायला घेतलं आणि आता नोव्हेंबर आहे. मुलगा, नोकरी करणारी सून किंवा चाळिशीतला नवरा असला तरी पायऱ्या याच राहतात.

## तयारी: आधी घरातल्या मोठ्यांचं एकमत

पहिली पायरी सुरू करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांनी ती व्यक्ती घरात नसताना अर्धा तास बसायचं. आई, बाबा आणि एकत्र कुटुंब असेल तर आजी-आजोबाही. ठरवायच्या गोष्टी दोनच. पुढचे काही दिवस कुणीही जेवणावरून टोमणा मारायचा नाही, आणि कुणीही परस्पर जाऊन तिच्याशी "बोलून बघायचं" नाही.

हे क्षुल्लक वाटतं, पण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आई काळजीने मागे लागते, बाबा म्हणतात "वाढतं वय आहे, सोड", आजी म्हणते "आमच्या वेळी कुठे होती ही थेरं". मुलीला तिघांत फट दिसते आणि आजार त्या फटीत तग धरतो.

कुणाचं चुकलं हे शोधायला बसू नका. मागे कुणीतरी "गाल किती वर आलेत" म्हणालं असेल, पीसीओडीसाठी डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं असेल, मैत्रिणींनी मिळून डाएट धरलं असेल. सुरुवातीचं निमित्त असं काहीही असू शकतं, पण आजार एकट्या त्यामुळे होत नाही. आनुवंशिकता, स्वभाव, चिंता आणि उपासमारीचा मेंदूवर होणारा परिणाम हे सगळं त्यात असतं.

## पायरी १: काट्याऐवजी नियम बघा

वजन किती उतरलं यावरून डाएट आणि आजार वेगळे ओळखता येत नाहीत. बघायचं ते नियमांकडे: नियम वाढत चाललेत का, आणि एखादा मोडला तर काय होतं.

साधं डाएट करणारा माणूस लग्नात जिलेबी खातो, "उद्यापासून बघू" म्हणतो आणि झोपतो. ठरलेलं वजन आलं की सैलावतो. आजाराकडे सरकलेल्या माणसाचं उलट होतं. आधी साखर बंद, मग भात, मग तेल-तूप, मग रात्रीचं जेवण, मग "दुसऱ्याने केलेलं काहीच नको". ठरलेलं वजन गाठलं की आकडा आणखी खाली जातो. नियम मोडला की रडणं, चिडणं, त्याच रात्री तासभर चालणं किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण उपास. ही भरपाई करण्याची धडपड फार बोलकी असते.

आपल्याकडे उपवासाची आडही सहज मिळते. चतुर्थी, एकादशी, सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. घरात उपवासाला मान असतो, त्यामुळे "आज माझा उपास आहे" म्हटलं की पुढचे प्रश्न संपतात. म्हणून दोन गोष्टी तपासा. या वर्षात उपवासांची संख्या अचानक वाढली का? आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, दूध, केळं चालतं, की फक्त पाणी आणि काळा चहा? श्रद्धेने उपवास करणारी व्यक्ती द्वादशीला उपवास सोडून जेवते. आजारात उपवास सुटतच नाही.

तपासा: गेल्या तीन महिन्यांत तिच्या खाण्यातून काय काय गेलं आणि त्यातलं काय परत आलं? बरंच काही गेलं असेल आणि काहीच परत आलं नसेल, तर पुढच्या पायरीवर जा.

## पायरी २: एक आठवडा वही ठेवा

रोज रात्री चार ओळी लिहायच्या, ती वही तिच्या हाती लागू द्यायची नाही आणि त्यात फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. "हट्टीपणा केला" असं नको, "दोन घास खाऊन उठली" असं लिहा. तिचा फोन तपासायचा नाही, कपाट उचकायचं नाही. एकदा पकडले गेलात की पुढचे कितीतरी दिवस तुमच्यावर विश्वास बसणार नाही, आणि निदानाला त्याची गरजही नसते.

आपल्या उदाहरणातल्या आईची वही अशी आहे.

मंगळवार. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली. संध्याकाळी डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. आजवर तिने कधीच डबा धुतला नव्हता.

गुरुवार. हौसेने बेसनाचे लाडू केले. सगळ्यांना आग्रह करकरून दिले. स्वतः एकही खाल्ला नाही.

शनिवार. मावशीकडे साखरपुडा. "पोट बिघडलंय" म्हणून जेवली नाही. घरी आल्यावर रात्री साडेअकराला गच्चीत चालायला गेली.

रविवार. चुकून पोळीला तूप लागलं. कागदाने टिपत बसली. मग ताट सारलं, रडली, दार लावून घेतलं. दुपारी पंखा बंद करून स्वेटर घातला होता.

यातली एकेक गोष्ट कुणाला सांगितली तर ऐकणारा हसून सोडून देईल. चारही एकाखाली एक वाचल्या की चित्र स्पष्ट होतं. दुसऱ्यांसाठी हौसेने रांधायचं आणि स्वतः खायचं नाही, खाण्याचे व्हिडिओ तासन्‌तास बघायचे, घास अगदी बारीक करून खूप वेळ चघळायचा, हे उपासमारीच्या मेंदूचं ओळखीचं वागणं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं होतं. त्यांना आधी असला कोणताही आजार नव्हता. तरी त्यांच्यातले कितीतरी जण पाककृती वाचत बसायला लागले, जेवण तासन्‌तास लांबवायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. तुमच्या मुलीचा "स्वभाव बदलला" असं वाटतं, त्यातला बराच भाग भुकेचा असतो. पोटात नीट अन्न जायला लागलं की तो हळूहळू ओसरतो.

### वजन कमी न होणारा प्रकार

उपाशी राहून वजन घटवत जाण्याच्या वरच्या प्रकाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. दुसरा प्रकार घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटतो, कारण त्यात माणूस बारीक होत नाही. दिवसभर कडक डाएट आणि मग संध्याकाळी किंवा रात्री ताबा सुटून भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं. त्यानंतर प्रचंड लाज. काही जण ते उलटी करून, रेचकं घेऊन किंवा दुसऱ्या दिवशी उपाशी राहून "फेडतात". याला बुलिमिया म्हणतात. फेडण्याचा भाग नसेल तर बिंज ईटिंग.

वहीत याच्या खुणा अशा येतात: जेवण झाल्या झाल्या दरवेळी बाथरूम आणि नळ मोठा सोडलेला. फराळाचा डबा एका रात्रीत रिकामा, बिस्किटांची वेष्टनं गादीखाली. जबड्याच्या कोपऱ्यापाशी दोन्ही बाजूंना सूज, त्यामुळे चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि पाहुणे म्हणतात "तब्येत सुधारली". दातांना थंड-गरम झोंबणं. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर घट्टे किंवा ओरखडे. घरात कुणीच घेत नसताना कचऱ्यात सापडणारी पोट साफ करायच्या गोळ्यांची पाकिटं.

सावधान: उलट्या आणि रेचकांमुळे रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन ठीक असलं तरी हा धोका असतो. याच वेळी वजन कमी करायला नवा आहारतक्ता आणू नका. बंधन जितकं कडक, तितकं पुढचं ताबा सुटणं मोठं.

### मुलगे

मुलगा असेल तर "बारीक व्हायचंय" हे वाक्य कदाचित कानावर येणारच नाही. तो म्हणेल "कटिंग चालू आहे", "ॲब्स काढायचेत". चिकन-अंडी वजन करून, भाताला स्पर्श नाही, ताप असतानाही जिम, एक दिवस चुकला तर घालमेल, मित्रांबरोबर वडापाव खायला जाणं बंद. खुणा त्याच, शब्द वेगळे. मुलग्यांमध्ये पाळी थांबण्यासारखी ठळक खूण नसते, म्हणून नाडीकडे जास्त लक्ष द्या.

## पायरी ३: शरीर तपासा, तेही घरीच

ही पायरी बोलण्याच्या आधी घ्यायची. इथे धोका दिसला तर वही, चर्चा, योग्य वेळ हे सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा असतो.

तपासताना कारण साधं ठेवा: "तुला चक्कर येते म्हणतेस ना, बीपी बघू या." बीपीचं डिजिटल यंत्र आता अनेक घरांत आहे. नसेल तर घड्याळ आणि मनगटावरची नाडी पुरे.

१. पाच मिनिटं शांत आडवं झोपवा. मग पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. यंत्र असेल तर बीपीही घ्या.

२. उभं करा. दोन मिनिटं थांबा, पडू नये म्हणून जवळ राहा. पुन्हा पूर्ण मिनिट नाडी आणि बीपी.

३. ताप मोजतो तसं तापमान घ्या.

दिवसा जागेपणी, आडवं असताना नाडी ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. उभं राहिल्यावर नाडी ३० पेक्षा जास्त वाढली किंवा वरचं बीपी २० ने घसरलं तरी तेच. वरचं बीपी ९० च्या खाली किंवा तापमान ९६ फॅरनहाइटच्या खाली हेही तसंच. आपल्या उदाहरणात आडवं असताना नाडी ४८ आली आणि उभं राहिल्यावर ८६. ती म्हणाली, "मी रोज पळते ना, खेळाडूंची नाडी कमीच असते." अनेक वर्षं सराव केलेल्या धावपटूची नाडी खरोखर मंद असते. पण चार महिन्यांपूर्वी चालायला लागलेल्या आणि नुसतं उभं राहिल्यावर नाडी जवळजवळ दुप्पट होणाऱ्या मुलीचं हे कारण नाही. तिचं शरीर ऊर्जा वाचवायला हृदय मंद चालवत आहे.

बाकीच्या खुणा बघत बघत कळतात: सतत थंडी वाजणं, बोटं निळसर पडणं, पाठीवर आणि हातांवर बारीक मऊ लव येणं, केस पुंजक्याने गळणं, बद्धकोष्ठता, जिना चढताना धाप.

पाळीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पाळी थांबली म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव होतो आणि घरी वाटतं, सुरळीत झालं. तो गोळ्यांमुळे होणारा स्राव असतो. शरीर सावरल्याची ती खूण नाही, हाडांची झीजही त्याने भरून येत नाही. उलटही खरं: पाळी चालू आहे म्हणजे आजार नाही, असं नसतं.

थांबू नका, रात्र असली तरी रुग्णालयात न्या: बेशुद्ध पडली. छातीत धडधडतं किंवा दुखतं. वारंवार उलट्या होत आहेत किंवा उलटीत रक्त आहे. पाणीही घ्यायला तयार नाही. खालून उठताना हाताचा आधार लागतो. बोलण्यात गोंधळ आहे. मरण्याची भाषा करते किंवा स्वतःला इजा करते. रुग्णवाहिकेसाठी १०८. मरणाचे विचार बोलून दाखवले तर तिला एकटं सोडू नका. रुग्णालयात पोहोचेपर्यंत कुणाशी तरी बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

## पायरी ४: बोलणं

तातडीची खूण नसेल तर आता बोला. जेवणाच्या वेळी कधीच नाही. ताट समोर असताना ती आधीच भीतीत असते. संध्याकाळी, भावंडं नसताना, तिला जवळचं वाटणाऱ्या एकाच माणसाने बोलायचं. उदाहरणातल्या घरात हे काम बाबांकडे आलं, कारण आईशी रोज खटके उडत होते.

वहीतलं सांगा, निष्कर्ष सांगू नका. "तुला ॲनोरेक्सिया झालाय" असं म्हटलं की ती लगेच इंटरनेटवरच्या फोटोंशी स्वतःला ताडून "मी कुठे तशी दिसते" म्हणणार. बाबांचं बोलणं असं झालं:

"बाळा, रविवारी पोळीला तूप लागलं तेव्हा तू किती घाबरलीस ते मी पाहिलं. तुला हल्ली थंडी फार वाजते. परवा जिन्यात थांबलीस. मला काळजी वाटते."

"काही नाही हो बाबा, तुम्ही उगाच वाढवताय. सगळे तर म्हणतात छान दिसते."

"म्हणत असतील. मी दिसण्याबद्दल बोलतच नाहीये. तुझी नाडी ४८ आली. ती डॉक्टरांना दाखवायची आहे. आजच जायचंय, मी येतो बरोबर."

"मला नाही यायचं."

"कळतंय मला. तरी जायचं आहे."

इथे बाबा थांबले. वाद घातला नाही, वचन मागितलं नाही, "आईसाठी तरी खा" म्हटलं नाही. ती नाकारणार हे धरूनच चाला. आजार आहे हे न पटणं हा या आजाराचाच भाग आहे, त्यामुळे तिची कबुली मिळेपर्यंत थांबलात तर महिने जातात. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत निर्णय आई-बाबांनीच घ्यायचा. प्रौढ व्यक्ती असेल तर सहसा जबरदस्ती करता येत नाही, तेव्हा मागणी छोटी ठेवा: "बाकी राहू दे, एकदा ईसीजी आणि रक्त तपासून घे." नाही म्हटलं तर आठवड्याने पुन्हा, त्याच शांतपणे.

हमखास होणाऱ्या चुका: "किती बारीक झालीस, हाडं दिसतात" म्हणणं. आजार हे कौतुक म्हणून ऐकतो. "आता जरा बरी दिसतेस" हेही टाळा, तिला त्याचा अर्थ "जाड झालीस" असा लागतो. ताटाला हात लावला नाही तर फोन काढून घ्यायची धमकी देणं. उपाशी मुलांच्या गोष्टी सांगणं. आत्या-मामांची बैठक बोलावणं.

## पायरी ५: डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

सुरुवात एमडी फिजिशियन किंवा मूल लहान असेल तर बालरोगतज्ज्ञांपासून करा आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. दोघेही लागतात. पहिला हृदय आणि रक्त बघतो, दुसरा आजारावर उपचार करतो. एकट्या आहारतज्ज्ञाकडे जाऊन काम होत नाही. खाण्याच्या आजारांचा अनुभव नसेल तर तिथून पुन्हा मोजून-मापून खाण्याचा तक्ता हाती येतो, आणि आजाराला तेच हवं असतं.

बरोबर एक कागद न्या. त्यावर मे महिन्यातलं वजन, आजचं वजन, उंची, शेवटची पाळी (गोळ्यांशिवायची), नाडीचे आकडे, खाण्यातून काय काय गेलं, उलटी-रेचक-व्यायाम आणि वहीतल्या पाच-सहा ओळी. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलायला मागा. नंतर तिलाही एकटीला बोलू द्या.

इथे एक ठरलेला खड्डा आहे. आपल्या मुलीची उंची १५८ सेंटिमीटर, मे महिन्यात वजन ६२ किलो, आता ४७. तिचा आजचा बीएमआय १८.८ येतो, म्हणजे तक्त्यात "नॉर्मल". घाईतला डॉक्टर तक्ता बघून म्हणेल, "वजन छान आहे, काळजी करू नका." पण सहा महिन्यांत तिने १५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा घालवला आहे, नाडी ४८ आहे आणि चार महिने पाळी नाही. जास्त वजनापासून सुरू झालेल्या मुलांमध्येही नाडी, बीपी आणि रक्तातले क्षार तितकेच बिघडू शकतात. म्हणून आजच्या आकड्याआधी किती वजन किती दिवसांत गेलं ते सांगा. हेच वाक्य पहिलं बोला: "सहा महिन्यांत पंधरा किलो."

तपासण्यांबद्दल विचारा: ईसीजी, आडवं आणि उभं असतानाचं बीपी-नाडी, सोडियम-पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, किडनी-लिव्हर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नेहमीच्या यादीत बऱ्याचदा नसतात, ते आवर्जून मागा. थायरॉइड आणि पोटाचे आजार तपासून बाजूला काढणंही आवश्यक आहे, कारण वजन उतरण्याची कारणं इतरही असतात.

सावधान: सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं होत नाही. शरीर रक्तातले आकडे फार काळ सांभाळून धरतं. "रिपोर्ट तर छान आहेत" या वाक्यावर उपचार थांबवलेली घरं पुढे अडचणीत येतात. पहिल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्यांकडे जा.

## पायरी ६: घरचं ताट

आधी एक धोका. पाच किंवा जास्त दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल किंवा वजन फार झपाट्याने उतरलं असेल तर घाबरून एकदम तूप-साखर, पेढे, मिल्कशेक सुरू करू नका. उपासलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस खाली जाऊ शकतं आणि हृदयावर, श्वासावर परिणाम होतो. अशा वेळी खाणं किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं, गरज पडली तर दाखल करून. सुरुवातीच्या दिवसांत पावलांवर सूज, धाप किंवा गोंधळल्यासारखं दिसलं तर लगेच रुग्णालयात.

डॉक्टरांनी घरी उपचार करायला हरकत नाही म्हटलं की खाण्याची सूत्रं काही काळ आई-बाबांच्या हाती घ्यायची. मोठ्या मुलीला असं भरवणं अनेकांना जिवावर येतं. पण कमी खाण्याच्या आजारात किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत हीच आहे. आधी पालक ताट ठरवतात, वजन सावरल्यावर हळूहळू निर्णय मुलाकडे परत जातात, आणि त्यानंतर वयाच्या इतर प्रश्नांकडे वळायचं. एकूण सहा महिने ते वर्षभर लागतं.

रोजचा क्रम असा. तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, ठरलेल्या वेळी. ताट मोठ्यांनी वाढायचं आणि त्या वेळी तिने स्वयंपाकघरात यायचं नाही, नाहीतर चमच्याचमच्याला वाटाघाटी होतात. घरचंच जेवण: वरण-भात-तूप, पोळी-भाजी, दही, संध्याकाळी दाण्याचा लाडू आणि दूध. जेवताना एक मोठं माणूस शेजारी बसून जेवतं. गप्पा मालिकेच्या, क्रिकेटच्या, कुत्र्याच्या, कशाच्याही, खाण्याच्या सोडून. ती अडली की एकच वाक्य, शांत आवाजात: "अवघड आहे ते दिसतंय. पुढचा घास घे." जेवण अर्ध्या तासाचं, मधलं खाणं पंधरा मिनिटांचं. नंतर तासभर कुणीतरी बरोबर असावं. पत्ते खेळा, मालिका बघा. उलटीची सवय असेल तर हा तास फार महत्त्वाचा असतो. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायला देऊ नका, साध्या पाण्याने चूळ भरू द्या. आम्लाने मऊ पडलेले दात घासल्याने जास्त झिजतात.

घरातला वजनकाटा काढून टाका. वजन डॉक्टरांकडे, तिची पाठ आकड्याकडे करून. गच्चीतलं चालणं, पळणं, क्लासला मुद्दाम पायी जाणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. उपवास सगळे बंद. आजीचा विरोध होण्याची शक्यता इथेच जास्त असते, म्हणून तिला आधीच सांगा की आजारी माणसाला उपवासाची सूट असते. बहुतेक आज्यांना हे पटतं, आणि मग नातीपुढे हे त्यांनीच सांगितलेलं सगळ्यांत जास्त चालतं.

पहिले दोन-तीन आठवडे फार कठीण जातात. ताट फेकलं जाईल, "तुम्ही माझा छळ करताय" ऐकावं लागेल. ही तीव्रता भीतीची असते. आई-बाबांनी पाळ्या लावा, एकाच माणसावर सगळी जेवणं टाकू नका.

तपासा: दोन आठवड्यांनी वजन वाढत नसेल तर ताट कमी पडतंय किंवा कुठेतरी गळती आहे: डबा, शाळा, बाथरूम, रात्रीचा व्यायाम. डबा काही दिवस बंद करून दुपारी घरी जेवायला आणा, किंवा शाळेत एका शिक्षिकेला विश्वासात घ्या.

## पायरी ७: सुधारणा कशी ओळखायची

आधी अंगात ऊब येते, झोप लागते, चिडचिड थोडी उतरते. वजन त्यानंतर सावरतं आणि पाळी आणखी उशिरा, कित्येकदा काही महिन्यांनी. खाण्याबद्दलची भीती सगळ्यांत शेवटी जाते. म्हणून वजन जागेवर आलं त्या आठवड्यात लगाम सोडू नका. आधी मधलं खाणं तिच्या हाती द्या, दोन आठवडे निभावलं तर सकाळचा नाश्ता, मग कॉलेजचा डबा. वजन किंवा नाडी खाली आली की एक पायरी मागे यायचं आणि तसं आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही.

पुन्हा घसरण्याची शक्यता असलेले प्रसंग ओळखीचे असतात: बारावीचं वर्ष, हॉस्टेलला जाणं, घरात लग्न ठरणं, मोठं आजारपण. हॉस्टेलला जायच्या आधी त्या गावातल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी वजन-नाडी तिथेच बघितली जाईल असं ठरवा. पाचव्या पायरीत डॉक्टरांसाठी केलेला तो कागद, मे महिन्यापासूनच्या नोंदींसकट, नव्या डॉक्टरांना द्या.